पैसे घ्या हो, पैसे!

दुकानदाराला पैसे हवे आहेत, मला ते द्यायचे आहेत, आणि तरीही मधल्या एका केशरी बटणाला दोघांपैकी कोणाचेच ऐकायचे नाही, ही अवस्था मी गेल्या शनिवारी रात्री साडेदहापासून चांगली सव्वा तास भोगली. आईच्या मिक्सरचे चटणीचे भांडे तळातून गळू लागले होते, नवा मिक्सर एका ऑनलाइन दुकानात निवडून झाला होता, आणि बँकेच्या कार्डावरची 10 टक्के सूट रात्री बारा वाजता संपणार होती. "पैसे भरा" या बटणावर मी टिचकी मारली की ते क्षणभर गडद होई आणि पुन्हा पूर्ववत निर्विकार होई. चूक झाल्याचा निरोप नाही, की गरगर फिरणारे चक्र नाही.

"किती वेळा दाबतोस?" आई मागून म्हणाली. "अकरा मिक्सर येतील घरी."

ही भीती मलाही होतीच. म्हणून मी माउसला दोष दिला, मग वायफायला, मग कार्डाला. शेवटी घरातल्याच माणसावर संशय घ्यावा तसा जड मनाने जाहिराती अडवणाऱ्या ॲडब्लॉकरकडे वळलो. फायरफॉक्समध्ये मी यूब्लॉक ओरिजिन वापरतो. त्याच्या खिडकीतले मोठे निळे बटण दाबले की तेवढ्या संकेतस्थळापुरते ते झोपी जाते. मी ते दाबले, पान ताजे केले, "पैसे भरा"वर टिचकी मारली, आणि कार्डाचा क्रमांक विचारणारे पान मुकाट समोर आले.

"झालं ना? भर आता," आई म्हणाली.

शहाण्या माणसाने भरले असते. मी मात्र मागे फिरलो, कारण आपल्या ॲडब्लॉकरमधल्या हजारो नियमांपैकी नेमक्या कोणत्या नियमाने मिक्सर अडवला हे कळल्याशिवाय मला झोप लागली नसती, आणि साडेबाराला परत येऊ असे सांगून कोणतीही सूट थांबत नाही, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आले नाही.

पहिला निष्कर्ष मी बरोबर काढला, हे नमूद करतो. ॲडब्लॉकरचे नियम ढोबळमानाने दोन जातींचे असतात: काही पानावरची वस्तू नुसती झाकतात, तर काही पानाने मागवलेली फाइल दारातच अडवतात. बटण गायब झाले असते तर पहिल्या जातीवर आळ घेता आला असता. माझे बटण ठसठशीत दिसत होते आणि तरीही मेलेले होते. म्हणजे त्याला जीव देणारी एखादी स्क्रिप्ट दाराबाहेर अडकली होती.

दुसरा निष्कर्ष मात्र तितकाच चुकीचा निघाला. हे काम ईझीलिस्ट किंवा ईझीप्रायव्हसी यांसारख्या नियमांच्या कोण्या मोठ्या तयार यादीचे असणार, असे मी गृहीत धरले आणि याद्या निम्म्या निम्म्या बंद करत दोषी हुडकायला बसलो. पद्धत तशी चोख आहे: निम्म्या याद्यांच्या खुणा काढायच्या, बदल लागू करायचे, पान ताजे करायचे, बटण जिवंत झाले तर चोर त्या निम्म्यांत, नाही तर उरलेल्यांत. मी पहिल्या निम्म्या बंद केल्या, बटण मेलेलेच. उरलेल्याही बंद केल्या, तरी मेलेलेच. दरम्यान दुकानाने "आपले सत्र संपले आहे" असे सांगून मला दोनदा बाहेर काढले, आणि पत्ता पिनकोडासकट पुन्हा लिहायला लावला.

सगळ्या याद्या बंद असूनही बटण हलत नाही आणि निळे बटण दाबले की लगेच हलते, यातून काय सिद्ध होते हे गणिताच्या पहिल्या इयत्तेतल्या मुलानेही सांगितले असते. मला ते कळायला वीस मिनिटे लागली.

अखेर जे पहिल्यांदा करायचे ते शेवटी केले, म्हणजे लॉगर उघडला. यूब्लॉकच्या त्याच खिडकीत त्याचे एक छोटे चिन्ह असते. तो आधी उघडून मग पान ताजे करावे, म्हणजे पानाने मागवलेली प्रत्येक फाइल एकेका ओळीत उतरते आणि अडवलेल्या ओळी लाल दिसतात. याद्या चालू असताना तिथे लाल ओळींची रांग लागते व त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात, कारण हेरगिरीच्या फायली अडल्याने कोणाचे दुकान बंद पडत नाही. पण माझ्या याद्या बंद होत्या, तेव्हा लाल ओळ एकही दिसायला नको होती. दिसल्या चार. त्यांतल्या तीन चित्रांच्या होत्या आणि चौथी दुकानाच्या स्वतःच्याच पत्त्यावरून येणाऱ्या `bank-offers.min.js` या फाइलची.

पानातल्या चुका जिथे नोंदल्या जातात त्या ब्राउझरच्या कन्सोलमध्ये पाहिले, तर तिथे प्रत्येक टिचकीला हीच ओळ उमटत होती:

```
Uncaught ReferenceError: bankOffers is not defined
```

अकरा टिचक्या का वाया गेल्या ते आता उलगडले. बटण दाबताच दुकानाची स्क्रिप्ट आधी बँकेची सूट मोजायला जाई, सूट मोजणारे गणित अडवलेल्या फाइलमध्ये असल्याने ते तिला सापडत नसे, आणि ती तिथेच कोसळे. त्यापुढची पैसे मागण्याची ओळ येतच नसे. अकरा मिक्सर येण्याची भीतीही त्याचबरोबर मिटली, कारण एकही मागणी घराबाहेर पडली नव्हती.

आता राहिला गुन्हेगार. लाल ओळीवर टिचकी मारली की कोणत्या नियमाने अडवले आणि तो कोणत्या यादीतला, हे दोन्ही लॉगर सांगतो. मी टिचकी मारली. नियम होता `/offer/`, आणि यादीच्या जागी लिहिले होते: `My filters`.

म्हणजे मी.

एका बातम्यांच्या संकेतस्थळाने काही महिन्यांपूर्वी वर्गणीच्या ऑफरचा फलक तोंडावर आदळून मला भंडावले होते. तो `/offer/` नावाच्या फोल्डरातून येतो हे शोधून मी मोठ्या तोऱ्यात तेवढाच तुकडा नियम म्हणून लिहिला होता. नियमाच्या सुरुवातीला आणि शेवटीही तिरकी रेघ असेल, तर यूब्लॉक त्याला फोल्डर समजत नाही. तो रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांचा नमुना समजतो, रेघा बाजूला काढतो आणि पत्त्यात कुठेही `offer` ही अक्षरे दिसली की फाइल अडवतो. मी एका दाराला कुलूप लावायला गेलो होतो आणि ऑफर या शब्दालाच गावबंदी करून आलो होतो. मध्यंतरी बऱ्याच दुकानांनी ऑफरचे फलक लावणे सोडले, लोक सुसंस्कृत होत चालले, असे मी चारचौघांत बोलूनही दाखवले होते.

शेवटी एक चांदणी जोडून `/offer/*` केले असते तरी तो पुन्हा फोल्डर झाला असता, पण तोही जगभरच्या संकेतस्थळांवर लागू झाला असता. म्हणून मी नियम त्या एका बातमीवाल्यापुरता बांधला. त्याचे नाव झाकून देतो:

```
||batmya.example/offer/
```

सुरुवातीला दोन उभ्या रेघा आल्या की रेग्युलर एक्स्प्रेशनचा प्रश्नच उरत नाही. याद्यांच्या खुणा परत केल्या, पान ताजे केले, पिनकोड तिसऱ्यांदा लिहिला. बारा वाजायला पंधरा मिनिटे कमी असताना बटण पहिल्याच टिचकीला हलले, सूट मोजली गेली आणि पैसे गेले.

"दुकानात जाऊन आणला असता तर एव्हाना चटणी वाटून झाली असती," आई म्हणाली आणि झोपायला गेली.

उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ यूब्लॉक नियम म्हणून वाचत नाही, ती टिपणासाठी असते. त्या नियमाच्या वर मी एक ओळ लिहून ठेवली:

```
! आईचा मिक्सर. येथे रात्री हात लावू नये.
```