पाइपच्या तुकड्यातून मोजलेला k

दावा: "घरी बनवलेल्या पर्मिॲमीटरचा k खोटाच येतो. जाळीत हेड वाया जातो, माती आणि पाइपच्या मधून पाणी निसटतं, नळी अचूक नसते. प्रात्यक्षिकाला धातूचाच साचा हवा."

पर्मिॲमीटर म्हणजे मातीतून पाणी किती सहज झिरपतं हे, म्हणजे k, मोजायचं उपकरण; आणि हेड म्हणजे पाणी ढकलणारा पातळ्यांतला फरक. जाळी आणि नळ्यांत हेड खर्च होतो हे खरं, पण धातूच्या साच्यातही तो सच्छिद्र दगडात आणि जोडनळ्यांत खर्च होतोच. प्रश्न आहे हेड कुठे मोजता याचा. ७.५ सेंमी आतल्या व्यासाची ॲक्रिलिक नळी घ्या (क्षेत्रफळ ४४.२ चौ. सेंमी) आणि तिच्यात जाडसर वाळू १५ सेंमी भरा. बाजूला १० सेंमी अंतरावर दोन भोकं पाडून पारदर्शक नळ्या बसवा, आत बारीक जाळी लावा. समजा १२० सेकंदांत २१२ मिली पाणी आलं आणि दोन नळ्यांतल्या पातळ्यांचा फरक ४ सेंमी भरला.

k = Q·L/(A·h·t)

इथे Q म्हणजे आलेलं पाणी, L दोन नळ्यांमधलं अंतर, A नळीचं क्षेत्रफळ, h पातळ्यांचा फरक आणि t वेळ. यातून k येतो ०.१ सेंमी प्रति सेकंद. आता याच प्रयोगात वरच्या टाकीपासून खालच्या तोटीपर्यंतचा फरक ९ सेंमी होता, तोच हेड धरून लांबी १५ घेतली तर k ०.०६७ येईल. वाळूत ६ सेंमीच खर्च झाले, उरलेले ३ सेंमी जाळी आणि नळ्यांनी खाल्ले. बाजूच्या नळ्या नसलेल्या महागड्या साच्यातही ही चूक होते, आणि तिथे ती दिसत नाही.

पाणी कडेने निसटतं का, हे पारदर्शक नळीत डोळ्यांनी कळतं. वरून पोटॅशियम परमँगनेटचे थेंब सोडा. रंगाची रेघ भिंतीलगत पुढे धावली तर नमुना काढून पुन्हा थरांत भरा.

फॉलिंग हेडच्या, म्हणजे उभ्या नळीतली पातळी उतरायला लागणाऱ्या वेळेवरून k काढायच्या चाचणीतल्या, नळीबद्दलची शंका मात्र रास्त आहे. ६ मिमी म्हणून घेतलेली नळी आतून ५.६ मिमी निघाली, तर क्षेत्रफळ आणि त्याबरोबर k सुमारे १५ टक्के जास्त येतो. म्हणून पट्टीने व्यास मोजूच नका. नळीत १० मिली पाणी ओता; ते ४०.६ सेंमी चढलं तर क्षेत्रफळ ०.२४६ चौ. सेंमी. मग पातळी १०० वरून ८० सेंमीवर आणि ८० वरून ६४ वर यायला लागणारा वेळ वेगवेगळा नोंदवा. दोन्ही वेळा सारख्याच यायला हव्यात, कारण दोन्हीकडे हेडचं गुणोत्तर एकच आहे. दुसरी वेळ लांबली तर बहुधा नमुन्यात हवा अडकते आहे. पाणी उकळून, झाकून थंड केलेलं वापरा आणि नमुना खालून हळूहळू भिजवा.

दाबून भरलेल्या चिकणमातीसाठी मात्र मी हे उपकरण सुचवणार नाही. तिथे प्रवाह इतका कमी असतो की नळीतून उडून जाणारं पाणीही निकाल बिघडवतं, आणि कडेची जराशी फटही मातीपेक्षा जास्त पाणी सोडते. तसंच प्रत्यक्ष बांधकामाच्या अहवालाला आयएस २७२० भाग १७ प्रमाणेच चाचणी करावी.