खिडकी वजा जाता

दिवाळीआधी मुलाची खोली रंगवायची ठरली आणि रविवारची मिसळ जिरायच्या आत हिने माझ्या हातात टेप दिला. "आधी मोजा. दुकानदार म्हणेल तेवढे डबे उचलून आणू नका."

इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये लांबी-रुंदीसाठी टेप लागतच नाही. फरशी दोन फुटी. एकीकडे सहा, दुसरीकडे पाच, म्हणजे १२ बाय १०. उंचीला मात्र टेप वर सरकवला की तो कमरेत मोडून डोक्यावर यायचा. शेवटी पोराला पलंगावर चढवलं तेव्हा १० फूट मिळाले. चार भिंतींची बेरीज ४४, गुणिले १०, झाले ४४० चौरस फूट. छत पांढरंच राहणार, त्याचा रंग वेगळा.

आता वजाबाकी. दार सात बाय तीन, २१. खिडकी पाच बाय चार, २०. उरले ३९९. तेवढ्यात आई म्हणाली, "कपाटामागे रंग कशाला? तिथे कोण बघतंय?" भिंतीला ठोकलेलं ते कपाट सात बाय चार, म्हणजे आणखी २८ गेले. हिचं म्हणणं, उद्या कपाट काढलं तर मागे निळा चौकोन राहील. घरात सरळ दोन पक्ष पडले.

दुकानदाराने फोनवर डब्यावरचा आकडा सांगितला होता: दोन हातांना मिळून लिटरमागे १२० चौरस फूट. भागाकार केला. काहीच वजा न करता ३.७ लिटर, दार-खिडकी वजा करून ३.३, आईचं ऐकलं तर ३.१. आणि डबे येतात एक, चार, दहा, वीस लिटरचे! तासभराच्या भांडणानंतर दोन्ही पक्षांच्या वाट्याला चार लिटरचा तोच डबा.

मग पेंटरभाऊ आले. त्यांनी भिंतीवर नख ओढलं. "साहेब, खाली गडद निळा आहे. वर क्रीमचे दोन हात मारले तर निळा डोकावणार. तीन धरा." म्हणजे दीडपट, पाच लिटर. "रोलर आणि बादलीपण पितात हो. सहा घ्या." काहीही वजा न करता तीन हात धरले तरी साडेपाच, म्हणजे सहाच येत होते.

चारचा एक आणि एकाचे दोन डबे आणले. भाऊंनी आधी सगळे मोठ्या बादलीत एकत्र कालवले. मशीनवर बनवलेल्या शेडमध्ये डब्याडब्यात किंचित फरक पडू शकतो, आणि मधेच दुसरा डबा उघडला तर तो नेमका भिंतीच्या मध्यावर दिसतो. हे मात्र आमच्या कुणाच्याच हिशेबात नव्हतं.

काम झाल्यावर मजुरीचा कागद आला. त्यावर ४४० चौरस फूट.

"भाऊ, दार-खिडकी?"

"ती वजा नाही करत साहेब. चौकटीच्या कडेनं ब्रश धरायला जास्त वेळ जातो."

आई खिडकीपाशी गेली, काचेवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "पैसे घेतलेत ना? मग ही निदान पुसून तरी द्या."