दहा रुपयांत माझाच अंगठा

काल लेकीनं दप्तरातून एक कागद काढून माझ्यासमोर धरला. "पप्पा, यंदा विज्ञान भाग १ ला शंभर टक्के येणारे धडे. दहा रुपये पडले."

कागदाच्या कोपऱ्यात काळपट अंगठा उमटलेला होता. तो माझा अंगठा. भडंग खात खात मी तक्ता आखला होता, ती हळद झेरॉक्समध्ये काळी झाली होती. म्हणजे माझाच तक्ता मला विकत मिळाला. वर तो चुकीचा.

तिच्या शाळेच्या पूर्वपरीक्षांचे पाच जुने पेपर मिळवले होते. डावीकडे दहा धडे, वर पाच वर्षं, आणि धडा आला की त्या चौकोनात एक रेघ. दोन संध्याकाळी गेल्या. रेघांत पहिला नंबर आला 'अंतराळ मोहिमा'चा, ९ वेळा. 'गुरुत्वाकर्षण' ६ वेळा. अंतराळाच्या ९ प्रश्नांतले ६ एकेका गुणाचे आणि ३ दोन-दोन गुणांचे, सगळे मिळून १२. गुरुत्वाकर्षणाच्या ६ प्रश्नांचे मात्र २२. प्रश्न मोजले तर उपग्रह पाठ करत बसायचं, गुण मोजले तर उदाहरणं सोडवायची. हे लक्षात येईपर्यंत पहिल्या तक्त्याची प्रत काढून झाली होती, आणि मूळ कागद काचेवरच राहिला होता.

दुसरा तक्ता मी नीट केला. चौकोनात रेघेऐवजी गुण लिहिले. एक प्रश्न दोन धड्यांवर असला तर गुण वाटून दिले. पेपर ४० गुणांचा असला तरी 'कोणतेही पाच सोडवा'मुळे छापलेले प्रश्न ६० गुणांचे असतात, त्यामुळे प्रत्येक उभ्या रकान्याची बेरीज ६० यायला हवी. एका वर्षाची ५७ आली. तीन गुणांचा एक प्रश्न मी कागदाच्या घडीत हरवला होता. २०२२ च्या रकान्यानं वेगळीच गंमत केली. कोरोनामुळे त्या वर्षी २५ टक्के अभ्यासक्रम कमी केला होता. जो भाग विचारायचाच नव्हता, तिथं शून्य कसं लिहिणार? तिथं आडवी रेघ मारली आणि त्या धड्याची सरासरी पाचऐवजी चारानं काढली.

हा तक्ता घेऊन मी झेरॉक्सच्या रांगेत उभा असताना मागून आवाज आला, "काय ओ, कशाचे भाव लिहिलेत?"

हळदीचे जुने अडत्ये. आता निवृत्त, पण डोळे अजून सौद्यातले. तक्ता माझ्या हातातून गेलाच.

"हे धातुविज्ञान दोन वर्षं पडलंय बगा. १, १. म्हणजे यंदा उचलणार."

"काका, ही हळद नाही."

"सगळं हळदच असतंय. भाव दोन वर्षं पडला की शेतकरी लावायचं कमी करतोय, माल कमी येतोय, मग भाव चढतोय."

"तिथं शेतकरी असतो. इथं धड्याला काय माहीत, गेल्या साली आपण आलो नव्हतो म्हणून?"

"धड्याला नसंल, मास्तराला असंल की! तेच तेच काढून कंटाळा येत नसंल?"

"कंटाळेल किंवा नाही. पाच पेपरांवरून ते कळत नाही."

"मग ह्या कागदावरनं कळतंय तरी काय?" त्यांनी चष्मा काढून विचारलं.

रांगेतली सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "यंदा काय येणार ते यातून कळत नाही. आजवर वजन कुठं पडलंय तेवढं कळतं. आधी गुरुत्वाकर्षण, कारण गुण जास्त आणि उदाहरणं दोन दिवसांत उरकतात. कार्बनी संयुगांना गुण तेवढेच, पण तिला चार दिवस लागतील, म्हणून ते मागं. धातुविज्ञान वाचून जायचंच, फक्त पहिल्यांदा नाही."

"म्हणजे खात्री न्हाई."

"नाही."

"मग दहा रुपयाला कोण घेणार?" असं म्हणत त्यांनी माझ्याच पेनानं धातुविज्ञानाभोवती गोल काढला आणि कागद परत दिला. पेनही परत दिला असता तर बरं झालं असतं.

ह्या माणसाचा राग यावा की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. झेरॉक्सवाल्याचा मात्र येतो. मी संध्याकाळी कागद घेऊन गेलो. म्हणालो, हा माझा आहे, चुकीचा आहे, पोरं उपग्रह पाठ करत बसतील.

तो गठ्ठा सरळ करत म्हणाला, "बरोबर असलेला आणलाय का? द्या की, तोबी काढून ठेवतो."

मी दिला नाही. पण परत निघालो तेव्हा पाहिलं, काउंटरवरच्या ताज्या गठ्ठ्यात धातुविज्ञानाला गोल होता.