“पहिले तीन महिने गोळी बंद” म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

फॉरवर्ड असा आहे: “पहिले तीन महिने एकही इंग्रजी गोळी पोटात जाऊ देऊ नका, फोलिकची आणि थायरॉईडचीसुद्धा. गोळ्या गरम पडतात, बाळात व्यंग येतं. तापाला काढा प्या. पपईची एक फोड खाल्ली तरी गर्भ पडतो. मळमळीला मिशरी लावा. सर्व बहिणींना पाठवा.”

सोलापुरातल्या अर्ध्या भिशी ग्रुपांवरून फिरून हे माझ्या मावसबहिणीच्या सुनेपर्यंत पोचलं. तिला सातवा आठवडा होता. सासूने वाचून दाखवलं आणि तिने दोन्ही गोळ्या बंद केल्या. मला कळलं तेव्हा आठवडा उलटून गेला होता. मला राग आलाय आणि तो लपवायचं काही कारण नाही.

आधी फोलिक ॲसिड. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतात, ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. पाळीच्या तारखेपासून मोजलं तर सहा आठवडे. ती नीट मिटली नाही तर मणका उघडा राहतो, नाहीतर डोक्याची कवटीच बनत नाही. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलने सात देशांतल्या ३३ केंद्रांत, आधी असं बाळ झालेल्या बायकांवर अभ्यास केला. तो १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दिवस राहण्याच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड घेणाऱ्यांमध्ये पुन्हा असं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे व्यंग ज्या गोळीने टळतं, तीच हा फॉरवर्ड व्यंगाच्या नावाने बंद करायला सांगतो. ज्यांना आधी असा त्रास झालेला नाही त्यांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, पण ते दिवस राहण्याच्या आधी सुरू व्हायला हवं. तीन महिन्यांनंतर घेतलं तर त्या नळीसाठी काही उपयोग नाही.

थायरॉईडचं त्याहून सरळ आहे. साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी कामाला लागलेली नसते. तोवर मेंदूच्या वाढीला लागणारं हार्मोन आईकडूनच येतं. म्हणून या काळात डोस बंद नाही, बऱ्याचदा वाढवावा लागतो. आमच्या सुनेच्या डॉक्टरांनी फोनवरच गोळी त्याच दिवशी सुरू करायला लावली, दुसऱ्या दिवशी टीएसएच तपासलं, डोस वाढवला आणि आता दर चार आठवड्यांनी तपासणी ठेवली आहे. गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांत नि तिच्यात चार तासांचं अंतर ठेवायचं. नाहीतर ती अंगी लागत नाही.

काही गोळ्या खरोखर घातक असतात, एवढं मान्य. मुरमांवरची आयसोट्रेटिनॉइन, फिट्सवरची व्हॅलप्रोएट, सांधेदुखीसाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट यांनी बाळात व्यंग येऊ शकतं. यातलं काही चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. फिट्सची गोळी मात्र मनाने तोडू नका, फिट आली तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं.

तापात काढ्यावर दिवस काढणं चूक आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त ताप अंगात राहणं हेच बाळाला बरं नाही. पॅरासिटॅमॉल ५०० या काळात चालते. ती घ्या, आणि ताप दुसऱ्या दिवशीही असेल तर दवाखाना गाठा. मेडिकलवाल्याने दिलेली पट्टी उलटी करून वाचा. पॅरासिटॅमॉलच्या जोडीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक लिहिलेलं असेल तर परत द्या.

पपईबद्दल अर्धं खरं आहे, तेही कच्च्या पपईपुरतं. तिच्या चिकाने उंदरांच्या गर्भाशयाला कळा आल्याचं प्रयोगात दिसलंय, पिकलेल्या पपईच्या रसाने आल्या नाहीत. कच्ची टाळा. पिकलेली फोड चुकून खाल्ली म्हणून रडत बसू नका.

राहिली मिशरी. ती भाजलेली तंबाखूच आहे. हिरडीवर घासली की निकोटीन रक्तात आणि रक्तातून बाळापर्यंत जातं. मुंबईत मिशरी-तंबाखू वापरणाऱ्या गरोदर बायकांचा अभ्यास झालाय, त्यांची बाळं वजनाने कमी भरली. आपल्याकडे विडीच्या कामावर बसणाऱ्या बायकांना तंबाखूची सवय असते, त्यांना हा सल्ला देणं तर पापच आहे. मळमळीला सकाळी अंथरुणातून उठण्याआधी कडक भाकरीचा कोरडा तुकडा चावून खा, आणि एकदम पोटभर न जेवता थोडं थोडं खात जा. तरी थांबलं नाही तर डॉक्सिलामाइन आणि बी-६ची एकत्र गोळी डॉक्टर पहिल्या तीन महिन्यांतही देतात. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, सलाईन लागू शकतं.