रजेच्या अर्जाला सोनोग्राफीचा रिपोर्ट कशाला लागतो?

आज डोकं फिरलंय. जेवणसुद्धा गोड लागलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या कंपनीत डिस्पॅचला एक मुलगी आहे. जळगाव एमआयडीसीतली चटईची कंपनी, नाव लिहीत नाही. तिचं पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलंय. तिने सुपरवायझरकडे रजा मागितली. तो म्हणाला, "रिपोर्ट टाक ग्रुपवर, मग बघू." ग्रुप म्हणजे आख्ख्या डिपार्टमेंटचा व्हॉट्सॲप ग्रुप. त्यात लोडिंगवाले आहेत, ट्रान्सपोर्टचे ड्रायव्हर आहेत, गेटवरचा वॉचमनही आहे. तिने बिचारीने सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो टाकला. कोणीतरी सांगितल्यावर काढलाही, पण तोवर पाहायचा त्यांनी पाहिला होता. जेवणाच्या सुट्टीत दोन जण तिच्याच आजारावर चर्चा करत होते, आणि ती कॅन्टीनला आलीच नाही.

मला एक सांगा, त्या रिपोर्टमध्ये सुपरवायझरच्या उपयोगाचं काय होतं? सोनोग्राफीच्या कागदावर बाईचं वय असतं, पाळीची तारीख असते, कुठला अवयव किती सेंटिमीटरचा ते असतं. किती दिवस रजा लागणार हे कुठेच लिहिलेलं नसतं! साहेबाला जी एक गोष्ट कळायला हवी तीच त्या कागदावर नसते, आणि जी कळायला नको ती सगळी असते.

माझं स्वतःचं ऑपरेशन झालं तेव्हाचं सांगते. कशाचं ते तेव्हा ऑफिसात सांगितलं नव्हतं, इथेही सांगणार नाही. कमेंटमध्ये विचारू नका.

मी अकाउंट्सला आहे. मार्च एंडिंग सोडून जाणं शक्य नव्हतं. डॉक्टरांना विचारलं, थोडं थांबलं तर चालेल का? ते चालेल म्हणाले, आणि तारीख २२ एप्रिल ठरली. वीस तारखेचं जीएसटीचं रिटर्न, जीएसटीआर-३बी, भरून मी मोकळी होणार होते. टाके पोटावरचे होते, दुर्बिणीतून होण्यासारखं नव्हतं, म्हणून सहा आठवडे विश्रांती सांगितली. दुर्बिणीतून झालं की बहुतेकदा लवकर उठता येतं, हे डॉक्टरांकडून आधीच विचारून घ्यावं, म्हणजे रजेचा आकडा अंदाजाने टाकावा लागत नाही.

माझा अर्ज एवढाच होता:

"मा. व्यवस्थापक साहेब,
विषय: वैद्यकीय कारणासाठी रजा मिळणेबाबत.
डॉक्टरांच्या सल्ल्याने माझी नियोजित शस्त्रक्रिया २२ एप्रिल रोजी ठरली आहे. त्यानंतर सहा आठवडे विश्रांती सांगितली आहे. तरी २१ एप्रिल ते ३ जून रजा मंजूर करावी. शिल्लक रजा आधी धराव्यात, उरलेले दिवस बिनपगारी धरावेत. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. कामावर हजर होताना फिटनेस सर्टिफिकेट सादर करीन. मुदत वाढण्याची शक्यता दिसल्यास आधी कळवीन. माझ्या कामाची वाटणी मागील पानावर आहे."

मागचं पान या अर्जापेक्षा मोठं होतं. मार्चचा टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरायचा असतो, तो माझ्या रजेत येत होता. चलन कोण काढणार, ७ मेचा टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी कोण भरणार, पासवर्ड कुणाकडे, पार्टीची बिलं कुठल्या फाईलला, सगळं नावानिशी लिहिलं होतं. साहेबांना खरी चिंता याचीच असते, माझ्या पोटाची नाही. ही चिंता कागदावर मिटली की निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

तरी विचारलंच. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, पण कशाचं ऑपरेशन?"

मी आधीच ठरवून गेले होते. म्हटलं, "साहेब, ते खाजगी आहे. तारखा डॉक्टरांनी लिहून दिल्यात. कामाला लागणारं सगळं त्यात आहे." आणि गप्प बसले. पुढे एक शब्द बोलले नाही, कारण आपण बोलत गेलो की एकेक गोष्ट सुटत जाते.

ते म्हणाले, "गंभीर नाही ना काही?" मी म्हटलं, "नाही साहेब, ठरवून करायचंय." त्यांनी सही केली.

आता खरं सांगायचं तर त्यांचा प्रश्न वाईट हेतूने नव्हता. आपल्या खान्देशात कुणी आजारी आहे म्हटलं की माणसं केळीचा फणा घेऊन दवाखान्यात हजर होतात. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या अमळनेरकडच्या मावशी मला जिन्यात थांबवून विचारत होत्या, "कसानं ऑपरेशन शे वं बाई?" आणि विचारताना त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्यावर मी कशी चिडणार? पण मावशींनी विचारणं वेगळं आणि रजा मंजूर करणाऱ्याने विचारणं वेगळं. मावशींना "नंतर सांगेन" म्हणता येतं. सही ज्याच्या हातात आहे त्याला नाही म्हणायला छाती लागते, आणि डिस्पॅचमधल्या नव्या पोरीकडे ती कुठून असणार?

सर्टिफिकेटबद्दल लिहायलाच हवं, कारण गोची तिथेच होते. अर्जात तुम्ही काही लिहू नका, पण डॉक्टरांच्या लेटरहेडवर वरच मोठ्या अक्षरात त्यांची पदवी आणि कशाचे तज्ज्ञ ते छापलेलं असतं. ते वाचलं की पुढचं सगळ्यांना कळतं. माझंही पहिलं सर्टिफिकेट तसंच आलं. मी परत गेले आणि म्हटलं, डॉक्टर, हॉस्पिटलच्या साध्या लेटरहेडवर द्याल का? ते हसले नाहीत की चिडले नाहीत, पाच मिनिटांत दुसरं दिलं. त्यावर एवढंच होतं: यांची शस्त्रक्रिया नियोजित आहे, या तारखेपासून या तारखेपर्यंत कामावर अनुपस्थिती आवश्यक आहे. खाली सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. हॉस्पिटल एकाच आजाराचं असेल तर हा उपाय चालत नाही. तेव्हा ज्या फॅमिली डॉक्टरांनी तुमची फाईल पाहिली आहे त्यांना विचारा.

खोटी सर्टिफिकेटं मिळतात, मान्य. पैसे टाकून कागद आणणारे आपल्याकडेही आहेत. पण त्यासाठी रिपोर्ट मागायची गरज नाही. नोंदणी क्रमांक तपासा, हॉस्पिटलला फोन करून "हे सर्टिफिकेट तुम्हीच दिलंय का" एवढं विचारा. दिलेल्या सर्टिफिकेटांची नोंदवही डॉक्टरांनी ठेवायची असते. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत ते आहे, आणि रुग्णाचं गुपित फोडू नये हेही त्यातच आहे. त्यामुळे आजार विचारलात तर चांगला डॉक्टर सांगणारच नाही.

सरकारी नोकरीत आणि अनुदानित शाळांत असलेल्या मैत्रिणी म्हणतील, आमच्या नमुन्यात आजाराची जागाच छापलेली असते. असते, आणि ती कोरी ठेवली तर अर्ज परत येऊ शकतो. तिथे डॉक्टरांना "नियोजित शस्त्रक्रिया व त्यानंतरची विश्रांती" असं लिहायला सांगून बघा. शंका आली तर वरिष्ठ सिव्हिल सर्जनकडे दुसऱ्या मतासाठी पाठवू शकतात. पाठवू देत. तिथेही तपासतो तो डॉक्टरच, हेडक्लार्क नव्हे.

खोटं मात्र सांगू नका. "भावाचं लग्न आहे" म्हणून ऑपरेशनला जायचं आणि मग कुणीतरी दवाखान्यात पाहायचं, यात नोकरी जाऊ शकते. कमी सांगण्याला कोणी खोटारडेपणा म्हणू शकत नाही.

दुसरी गळती इन्शुरन्समधून होते. आमच्याकडे ग्रुप पॉलिसी आहे. माझ्या वेळी एचआरचा क्लार्क म्हणाला, "ताई, फाईल माझ्याकडे द्या, मी पाठवतो." किती सोयीचं! त्या फाईलमध्ये केसपेपर, बायोप्सी, डिस्चार्ज कार्ड, सगळं असतं. मी त्याच्याकडून फक्त पॉलिसीचं ई-कार्ड घेतलं आणि हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर दिलं. ऑपरेशन ठरवून करायचं असलं की कॅशलेसचा फॉर्म हॉस्पिटल भरतं आणि थेट टीपीएला, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्या संस्थेला, पाठवतं. मध्ये ऑफिस लागत नाही. आधी खिशातून भरून मग पैसे मागायचे असतील तर कागद स्वतः टीपीएकडे पाठवा. ऑफिसमार्फतच जाणार असतील तर पाकीट चिकटवून द्या. विमा कंपनीला आजार कळावाच लागतो, ती त्याचे पैसे भरते. ऑफिसचा संबंध तारखांशी आहे. एकच कागद दोन ठिकाणी लागतो असं जे भासवतात ना, त्याचा मला राग आहे.

आणि कामावर परत येताना? माझ्या फिटनेस सर्टिफिकेटवर होतं: ४ जूनपासून कामावर रुजू होण्यास योग्य, ३० जूनपर्यंत पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. त्या ओळीमुळे जुन्या व्हाउचरची खोकी मला उचलावी लागली नाहीत. का उचलायची नाहीत हे कुणाला सांगावं लागलं नाही.

हो, मशीनवर किंवा गाडीवर काम करणाऱ्याचं वेगळं असतं. क्रेन चालवणाऱ्याला चक्कर येऊ शकत असेल, ड्रायव्हर गुंगीचं औषध घेत असेल, तर ते सांगावंच लागेल. पण तिथेही "अमुक तारखेपर्यंत गाडी चालवायची नाही" हे वाक्य पुरतं.

त्या मुलीच्या हातात यातलं काहीच नव्हतं. चार दिवसांत काहीजण तिच्याशी बोलताना चेहरा पाडतील, काहीजण चौकशीच्या नावाखाली मजा घेतील, आणि तिला रोज त्याच गेटमधून आत यायचंय. ऑपरेशन अजून व्हायचंय तिचं! भीती आधीच काय कमी असते?

माझ्या यादीत एचआरवाले आहेत, मुख्याध्यापक आहेत, पतसंस्थांचे मॅनेजर आहेत. तुमच्या रजेच्या फॉर्ममध्ये "आजाराचे स्वरूप" असा रकाना असेल तर तो या आठवड्यात काढून टाका आणि त्या जागी "कामावर आल्यावर काय करता येणार नाही व कोणत्या तारखेपर्यंत" असा रकाना घाला. आणि रजेचे अर्ज ग्रुपवर मागवणं आजपासून बंद करा.