जनाबाईच्या अंड्यांत मफिन कुठून आलं?

आज नांदेडला एका कॉलेजात परिसंवाद होता. परतीच्या एसटीत बसून लिहितोय, डोकं अजून तापलेलंच आहे, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

एम.टेक.च्या एका पोरानं पेपर वाचला. चॅटजीपीटीसारखी मोठी भाषा मॉडेल्स मराठीत गणितं कशी सोडवतात, हा विषय. जीएसएम-८के नावाचा शाब्दिक गणितांचा संच ओपनएआयनं २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. त्यातली परीक्षेसाठी राखलेली १,३१९ गणितं यानं मराठीत आणली आणि एका मॉडेलला घातली. गुण झकास पडले. शेवटच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत: "परीक्षेचे प्रश्न मॉडेलच्या प्रशिक्षणात मिसळलेले नाहीत. जुळण्या शून्य."

त्या शून्यावर माझं सटकलं.

कारण मला माझे शहाण्णव आठवले. दहावीच्या सराव परीक्षेत गणितात शंभरपैकी शहाण्णव. शिकवणीच्या सरांनी आदल्या आठवड्यात जो पेपर सोडवून घेतला, तोच शाळेत आला. मी कॉपी केली नव्हती, कुणी पेपर फोडलाही नव्हता. दोघांनी एकाच जुन्या संचातून उचलला होता, एवढंच. अण्णा उदगीरच्या मोंढ्यात मुनीम होते. पेढे वाटून झाल्यावर त्यांनी माझ्यापुढं कोरी पट्टी सरकवली. "सोयाबीनचे बारा कट्टे, साठ किलोचे. भाव क्विंटलला बेचाळीसशे. हमाली कट्ट्यामागं पंधरा. शेतकऱ्याच्या हातात किती द्यायचे, काढ की." मी कट्टे आणि क्विंटल यांत असा अडकलो की घाम फुटला. अण्णा रागावले नाहीत. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी ३०,०६० लिहिलं आणि चहा मागवला.

तर ते शून्य. तपासणी अशी होती: प्रश्नातले सलग तेरा शब्द मराठीच्या मोठ्या मजकुरात जसेच्या तसे सापडतात का, ते शोधायचं. पद्धत जुनी आहे. जीपीटी-३ च्या २०२० च्या पेपरातही तेरा शब्दांचीच चाळणी होती. तिच्यात बग राहिला, काही जुळण्या सुटल्या, पुन्हा प्रशिक्षण परवडणारं नव्हतं, हे त्यांनी पेपरातच लिहून टाकलं. निदान लिहिलं तरी!

पण बाबा रे, तुझी गणितं कालपरवा मराठीत आली. मॉडेलनं वाचली असतील तर ती इंग्रजीत. मराठीच्या ढिगात ती सापडणार कशी? औंढ्याला हरवलेली म्हैस नांदेडच्या बाजारात शोधायची आणि म्हणायचं, म्हैस हरवलीच नाही! आणि ढीगही मॉडेलचा नव्हता, यानं स्वतः गोळा केलेला होता. हे मॉडेल फुकट उतरवून घेता येतं, पण त्याला काय काय वाचायला दिलं हे बनवणाऱ्यांनी सांगितलेलंच नाही. तेरा शब्दांची चाळणी इंग्रजीतही फार काळ टिकत नाही. प्रश्न थोडा फिरवून लिहिला की तो खालून निसटतो, आणि भाषांतर म्हणजे तर प्रश्नातला एकूण एक शब्द बदलणं.

हे मी भर सभागृहात बोललो. जरा जास्तच आवाजात. पोरगं किनवटहून पहाटेच्या गाडीनं आलेलं, इस्त्रीचा शर्ट, माइक धरलेला हात थरथरत होता. नको होतं तसं बोलायला.

पण त्याआधी त्यानं दाखवलेली एक स्लाइड मनातून जाईना. या संचाच्या परीक्षेच्या भागातलं पहिलंच गणित जॅनेटच्या बदकांचं आहे. बदकं रोज १६ अंडी देतात, तीन ती न्याहारीला खाते, चारांचे मैत्रिणींसाठी मफिन करते, उरलेली बाजारात दोन डॉलरला एक विकते. सोळातून तीन आणि चार गेले, नऊ उरले, नऊ दुणे अठरा. पोरानं हौसेनं जॅनेटची जनाबाई केली, डॉलरचे रुपये केले, मफिनचा केक केला. मॉडेलचं उत्तर स्लाइडवर होतं:

```
16 - 3 (न्याहारी) - 4 (मफिन) = 9
9 × 2 = 18
```

प्रश्नात मफिन नाहीच. केक आहे. मग उत्तरात मफिन आलं कुठून?

चहाच्या वेळी मी त्याला गाठलं, माफी मागितली आणि लॅपटॉप उघडायला लावला. सोळाचे एकोणीस कर म्हटलं. मला खात्री होती, अठराच येणार. आलं चोवीस. बरोबर उत्तर! मी गप्प. पोरगं पहिल्यांदाच हसलं. मग म्हटलं, आता इंग्रजीतलं पहिलं वाक्य तेवढं दे, बदकांचं आणि सोळा अंड्यांचं, आणि पुढचं लिही म्हण. त्यानं दिलं. मॉडेलनं न्याहारी, चार अंड्यांचे मफिन, शेतकरी बाजार, दोन डॉलर, सगळं ओळीनं उतरवून काढलं. पोराचं हसू गेलं. मलाही बरं वाटलं नाही.

पाठ होतं, आणि येतही होतं. दोन्ही खरं. म्हणजे या गणितावर पडलेला गुण कशाचा, पाठांतराचा की समजेचा, ते गुणावरून आता सांगताच येत नाही. माझ्या शहाण्णवांचंही तेच. त्यांतली काही गणितं मला खरंच येत होती हो! पण कोणती, ते ना मला माहीत होतं ना सरांना. अण्णांच्या पट्टीनं ते दोन मिनिटांत दाखवलं, कारण ती पट्टी कुठल्याच संचात नव्हती.

बरं, मान्य करतो, सगळीच मॉडेल्स घोकंपट्टीवाली नाहीत. २०२४ मध्ये स्केल एआय या कंपनीच्या लोकांनी जीएसएम-८केसारखीच, तेवढ्याच अवघडपणाची १,२०५ नवी गणितं माणसांकडून लिहून घेतली आणि जाहीर न करता मॉडेल्सना घातली. काहींचे गुण जास्तीत जास्त आठ टक्क्यांनी घसरले, सर्वांत तगडी मॉडेल्स जवळपास जागची हलली नाहीत. असेल. पण ते कळलं ते नवा पेपर काढल्यावर.

आणि राग त्या पोरावर नाहीच. त्याचा पेपर तपासणाऱ्यांवर आहे. "शून्य" वाचून एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा, कशात शोधलंस, कोणत्या भाषेत शोधलंस? एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं: मराठीत जुळणी नाही, इंग्रजीत तपासलेलं नाही, मॉडेलनं काय वाचलं ते ठाऊक नाही. तीन ओळी. पण तीन ओळींनी टाळ्या कमी होतात ना.

निघताना दोघांनी ठरवलंय. पन्नास नवी गणितं हातानं लिहायची, मोंढ्यातली, उसाच्या काट्यावरची, बचत गटाची. पायऱ्या जुन्या गणितांइतक्याच ठेवायच्या, नाहीतर घसरण पाठांतरामुळं की अवघडपणामुळं, याचाच वाद. आधी दहावीच्या पाच-सहा लेकरांना दोन्हीकडची देऊन बघायची, त्यांना सारखीच जड जातात का ते. पन्नासांत एक गणित म्हणजे दोन टक्के, तेव्हा दोन-तीन इकडंतिकडं झाली म्हणून बोंबलायचं नाही, हे मी त्याला बजावलंय (आणि स्वतःला). नेटवर चढवायची नाहीत, इथंसुद्धा नाही, मागू नका. अण्णांची बारा कट्ट्यांची पट्टी आत्ताच इथं लिहून बसलो, म्हणजे ती बाद.

अहमदपूर गेलं. त्याचा मेसेज आलाय: "सर, सगळी उत्तरं शोधतोय. जिथं मी भाकरी लिहिली होती तिथं एका ठिकाणी सँडविच सापडलं."