काकांचं ‘आवर’ आणि माझं ‘आवर’

सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करून मला सतरा वर्षं झाली. हार्डडिस्क उडाली, व्हायरस आला, वीज कडाडून मदरबोर्ड गेला, असे फोन रोजचेच. पण माझ्या हातून झालेलं सगळ्यात मोठं नुकसान यातल्या कशानंही झालेलं नाही. ते झालं एका साध्या वाक्यानं.

मे २०२३ मधली गोष्ट. गणपती पेठेतलं किराणा आणि हळदीचं होलसेल दुकान. काका गल्ल्यावरून म्हणाले, “मशीन लई स्लो झालंय रे. फायली जरा आवरून दे. जुनं, नको ते काढून टाक सगळं.” मी “बरं काका” म्हणालो आणि बसलो. एक प्रश्नही विचारला नाही. हा माझा गुन्हा, आधीच सांगून टाकतो.

काउंटरच्या मशीनवर डेस्कटॉप दिसतच नव्हता, इतके आयकॉन. ते आवरले. मग ‘This PC’ उघडलं तर Z: नावाचा ड्राइव्ह लालभडक, जवळजवळ भरलेला. आत New Folder (3), Copy of Scan, Old, आणि 10002, 10003, 10004 असे नुसत्या आकड्यांचे फोल्डर. 10004 ची तारीख २०१८ ची. पाच वर्षं कुणी हात लावलेला नाही, म्हणजे कचराच. सिलेक्ट केलं, Delete दाबलं. विंडोजनं विचारलं, “Are you sure you want to permanently delete this folder?” आणि मी एंटर मारला. त्यातला permanently हा शब्द मी दिवसातून इतक्या वेळा बघतो, की तो दिसायचाच बंद झालाय.

सप्टेंबरात काकांना जीएसटीची नोटीस आली, २०१७-१८ या वर्षाची. खरेदीवरच्या क्रेडिटचा मेळ लागत नव्हता. दिवाणजींनी हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरमध्ये ते वर्ष उघडायला घेतलं, तर कंपनीच सापडेना.

जे टॅलीवर बसतात त्यांना माहीत असेल. टॅली प्रत्येक कंपनीला आकडा देते आणि त्या आकड्याच्या फोल्डरमध्ये हिशेब ठेवते. फोल्डरवर ना दुकानाचं नाव, ना वर्ष. आत .900 शेपटीच्या फायली, ज्या डबल क्लिक करून उघडत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला यापेक्षा निरुपयोगी काही दिसणार नाही. मी उडवलेला 10004 म्हणजे त्या दुकानाचं अख्खं २०१७-१८ होतं.

कागदी बिलं होती ना, असं कुणी म्हणेल. नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा गणपती पेठेत काय झालं हे सांगलीकरांना सांगायला नको. खालच्या कपाटातल्या वह्या आणि बिलांचे गठ्ठे लगदा होऊन गेले. वरच्या मजल्यावरच्या मशीनमधला हिशेब तेवढा वाचला. पुरानं ठेवलेलं मी नेलं.

आता ते परत का आलं नाही, हे नीट सांगतो. Z: हा त्या काउंटरच्या मशीनचा ड्राइव्ह नव्हताच. तो वरच्या मजल्यावरच्या, दिवाणजींच्या मशीनमधला शेअर केलेला फोल्डर होता, नेटवर्कवरून जोडलेला. आपल्या मशीनमधली फाइल डिलीट केली की ती रिसायकल बिनमध्ये जाते, पण नेटवर्कवरून डिलीट केलेली जात नाही. ती इथल्याही बिनमध्ये नसते आणि तिथल्याही नसते. वर त्या मशीनला वर्षभरापूर्वी मीच एसएसडी बसवून दिली होती. जुन्या हार्डडिस्कवर पुसलेली फाइल तिच्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तशीच पडून असते, म्हणून ती बरेचदा परत मिळते. एसएसडीला मात्र विंडोज लगेच कळवतं की ही जागा आता मोकळी, आणि डिस्क ती जागा साफ करून टाकते. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं तेव्हा फायलींची नावं सापडली. उघडून बघितलं तर आत नुसती शून्यं.

शेवटी काकांच्या देवघराच्या कपाटात एक पेनड्राइव्ह निघाला. त्यात टॅलीचा TBK900.001 नावाचा बॅकअप होता, पण डिसेंबर २०१७ पर्यंतचा. उरलेले तीन महिने दिवाणजींनी आणि मी जीएसटी पोर्टलवरचं विक्रीचं जीएसटीआर-१, खरेदीचं २ए आणि बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवून परत चढवले. एकोणीस दिवस गेले. मी पैसे घेतले नाहीत, आणि काकांनी ते विचारलेही नाहीत.

आमच्या धंद्यातले मित्र म्हणतात, “मालक म्हणाला काढ, तू काढलंस. तुझी काय चूक?” मला हे पटत नाही. काकांच्या तोंडी ‘आवर’ म्हणजे समोर दिसणारा पसारा हलवणं. वरच्या मशीनचा विषयच त्यांच्या डोक्यात नव्हता, कारण काउंटरवरून वरचं मशीन उघडतं हेच त्यांना माहीत नव्हतं. आणि डिलीट म्हणजे डब्यात जातं, लागलं तर काढता येतं, एवढीच त्यांची समजूत. ज्याला हा फरक माहीत आहे त्यानंच विचारायला हवं. तिथं तो मीच होतो.

जुनी तारीख म्हणजे नको असलेली फाइल, हेही तिथंच डोक्यातून गेलं. Date modified सांगते की फाइल शेवटची बदलली कधी. ती कुणाला लागते का, हे ती सांगत नाही. बंद झालेल्या वर्षाच्या हिशेबात कुणी एन्ट्री करत नाही, म्हणून त्याची तारीख जुनीच राहणार. जीएसटीच्या कायद्यात हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचा असतो. २०१७-१८ ची ती मुदत वाढत वाढत फेब्रुवारी २०२० वर गेली होती. म्हणजे मी ज्याला कचरा म्हटलं ते फेब्रुवारी २०२६ पर्यंत ठेवणं काकांना बंधनकारक होतं.

आता मी कुठल्याही दुकानात बसलो की आधी कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करतो:

```
net use
```

कुठला ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवरून आलाय ते लगेच दिसतं. मग मालकाला तोंडी सांगतो, “फक्त या मशीनचा डेस्कटॉप आणि डाउनलोड आवरतो, Z: ला हात लावत नाही, चालेल?” गंमत म्हणजे बहुतेक वेळा माणूस मध्येच थांबतो आणि म्हणतो, “डाउनलोडला नको, त्यात उतारे आहेत.” विंडोज १० च्या एका अपडेटनं मध्यंतरी हेच डाउनलोड फोल्डर डिस्क क्लीनअपच्या यादीत आणून ठेवलं होतं, नंतर काढलं.

प्रत्येक फाइलला विचारत बसलो तर काम होणार नाही आणि मालक हाकलून देईल, हेही खरंय. %temp% मधलं मी विचारत नाही, ब्राउझरचा कॅशही नाही. ते मशीननं स्वतःसाठी केलेलं असतं. माणसानं केलेलं काही असेल तर मात्र फोल्डरचं नाव, आकार आणि तारीख अशी यादी व्हॉट्सअॅपवर टाकतो. उत्तर आल्यावरही डिलीट करत नाही. ‘तपासायचे’ नावाच्या फोल्डरात हलवतो आणि वर्षभर ठेवतो. महिनाभर पुरत नाही, कारण व्यापाऱ्याच्या फायली वर्षातून एकदाच उघडतात, ऑडिटच्या वेळी. जागा कमी पडली तर बाहेरची हार्डडिस्क घ्यायला लावतो. त्यावर कुरकुर होते, होऊ दे.

गेल्या दिवाळीआधी काकांनी परत बोलावलं. या वेळी चौदा फोल्डरांची यादी पाठवली. दिवाणजींनी अकरांवर ‘चालेल’ लिहिलं, दोनांवर ‘ठेव’. उरलेल्या एकावर लिहिलं, “हे काय आहे मलाच माहीत नाही, काकांना विचारून सांगतो.” अजून सांगितलेलं नाही. फोल्डर तिथंच आहे.